जिना चढताना गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखणे: नव्याने धावू लागलेल्यांसाठी मार्गदर्शक

सपाट रस्त्यावर चालताना काहीच होत नाही, पण जिन्याच्या पाचव्या-सहाव्या पायरीला गुडघ्याच्या वाटीमागे कळ येते, अशी तक्रार घेऊन ठाण्यातले पंचविशीच्या आतले धावपटू माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत वर्षभर येत असतात. वर्षा मॅरेथॉनची तयारी सुरू झाली की त्यांची संख्या वाढते. यातील बहुतेकांना पडल्याचे, मुरगळल्याचे किंवा मार लागल्याचे आठवत नाही. या दुखण्याला वैद्यकीय भाषेत पॅटेलोफिमोरल पेन म्हणतात आणि धावणाऱ्यांच्या बोलण्यात ते ‘रनर्स नी’ या नावाने येते. ते ओळखावे कसे, पहिल्या दोन आठवड्यांत काय करावे, धावणे किती आणि कसे वाढवावे आणि डॉक्टरांकडे कधी जावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. सोबत एका 21 वर्षांच्या मुलीचे उदाहरण घेतले आहे. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ही मुलगी उपवन तलावाभोवती आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी साधारण 4 किलोमीटर, असे वर्षभर धावत होती. मे महिन्यात परीक्षा संपल्यावर तिने मैत्रिणींबरोबर येऊरचा चढ धरला. तिचे वजन 55 किलो, घर चौथ्या मजल्यावर, आणि त्याच महिन्यात इमारतीची लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती. चौथ्या आठवड्यात ती माझ्याकडे आली तेव्हा उजवा गुडघा दाखवताना तिने त्यावर पूर्ण तळहात ठेवला आणि म्हणाली, “मॅडम, नेमकं कुठे ते सांगता येत नाही, पण आतून दुखतं.”

पहिला टप्पा: दुखणे हेच आहे का, याची खात्री करणे

त्या तळहातातच निदानाचा बराचसा भाग आला होता. वाटीमागचे दुखणे पसरट असते. ते दाखवताना माणूस सहसा बोट टेकवत नाही, तळहात ठेवतो किंवा वाटीभोवती बोटांनी गोल काढतो. याउलट वाटीच्या अगदी खालच्या टोकावर एकाच जागी बोट ठेवता येत असेल आणि उड्या मारताना तिथेच कळ येत असेल, तर वाटीखालच्या कंडरेचा त्रास असण्याची शक्यता जास्त. दहा ते पंधरा वर्षांच्या, उंची झपाट्याने वाढत असलेल्या मुलांमध्ये त्याहून खाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावर, हाडालाच सूज आणि दुखरेपणा दिसतो. तो निराळा विकार आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, धावायला लागल्यावर दर वेळी जवळपास त्याच अंतरावर सुरू होणारे दुखणेही वेगळे असते. या तिन्हींचे व्यायाम सारखे नसल्यामुळे जागा नीट ओळखण्यात घालवलेली पाच मिनिटे पुढे उपयोगी पडतात.

यानंतर घरीच तीन गोष्टी करून पाहाव्यात. पहिली म्हणजे खुर्चीवर बसायला निघाल्यासारखे दोन्ही पायांवर हळूहळू खाली जाऊन पुन्हा वर येणे. वाटीमागच्या दुखण्यात ही हालचाल बहुतेकांना दुखावते आणि घरी करता येण्यासारख्या चाचण्यांत तीच सर्वात उपयोगी आहे. दुसरी म्हणजे गुडघे वाकवून अर्धा-पाऊण तास बसणे आणि मग पाय सरळ करणे. थिएटरात, ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत लोकलमध्ये किंवा रिक्षाच्या मागच्या सीटवर बसल्यानंतर पाय लांब करावासा वाटतो का आणि लांब केल्यावर बरे वाटते का, हे आठवून पाहिले तरी चालेल. तिसरी म्हणजे जिना: कितव्या पायरीला दुखू लागते आणि शून्य ते दहाच्या मापात ते किती असते, हे चढताना आणि उतरताना वेगवेगळे लिहून ठेवावे. ‘जिना चढताना दुखते’ असे सांगणाऱ्यांपैकी कित्येकांना उतरतानाच जास्त दुखत असते, फक्त त्यांनी तिकडे लक्ष दिलेले नसते. त्या मुलीचे उत्तर होते: चढताना सहाव्या पायरीपासून चार, उतरताना पहिल्याच पायरीपासून पाच.

काही लक्षणे असतील तर मात्र हा लेख बाजूला ठेवून आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना गाठावे. पाय मुरगळल्यानंतर काही तासांतच गुडघा टम्म सुजला असेल, गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, शरीराचे वजन घेताना तो अचानक दगा देत असेल किंवा वाटी बाजूला सरकल्यासारखी वाटली असेल, तर आतील लिगामेंट किंवा गादीला इजा झालेली असू शकते. गुडघा गरम, लाल झाला असून तापही असेल तर त्याच दिवशी दाखवावे. विश्रांती घेत असतानाही, विशेषतः रात्री झोपेतून उठवणारे दुखणे तरुण वयात कधीही अंगावर काढू नये, कारण गुडघ्याजवळच्या हाडांतील गाठी याच वयात उद्भवतात. त्या विरळा असतात, पण वेळेत कळणे महत्त्वाचे असते. शाळकरी मुलगा किंवा मुलगी लंगडत असेल आणि गुडघा तपासून काहीच सापडत नसेल, तर खुबा तपासून घ्यावा, कारण वाढत्या वयातील खुब्याचा त्रास पुष्कळदा गुडघ्यात जाणवतो. धावणाऱ्या मुलीची पाळी काही महिने चुकत असेल आणि हाडावर एकाच जागी दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला नाही ना, हे पाहावे लागते.

यांपैकी काहीच नसेल तर सुरुवातीला एक्स-रे किंवा एमआरआयची गरज सहसा पडत नाही. एमआरआयमध्ये वाटीमागची कूर्चा थोडी मऊ झाल्याचा उल्लेख आला की घरात घबराट होते; पण अशा खुणा न दुखणाऱ्या गुडघ्यांतही सापडतात आणि त्यावरून दुखण्याची तीव्रता ठरत नाही. या मुलीला एका दवाखान्यात ‘गुडघ्याची झीज सुरू झाली आहे, धावणे कायमचे बंद करा’ असे सांगण्यात आले होते आणि तिच्या आईने धावण्याचे बूट माळ्यावर टाकले होते. एकविसाव्या वर्षी, एकही दुखापत नसताना, गेल्या चार आठवड्यांच्या आत सुरू झालेल्या दुखण्याला झीज म्हणण्याला काही आधार नव्हता.

जिन्यावरच का दुखते

वाटी ही मांडीच्या हाडाच्या खोबणीतून वर-खाली सरकणारी कप्पी आहे. मांडीचे पुढचे स्नायू तिला वरून ओढतात आणि वाटीखालची कंडरा तिला खाली नडगीला बांधून ठेवते. गुडघा जितका जास्त वाकलेला आणि त्या स्थितीत स्नायूंना जितका जास्त जोर लावावा लागतो, तितकी ही कप्पी खोबणीवर दाबली जाते. प्रयोगशाळेत केलेल्या मोजमापांत सपाटीवर चालताना हा दाब शरीराच्या वजनाच्या साधारण निम्मा, जिन्यावर सुमारे सव्वातीन पट आणि पूर्ण खाली बसताना सात पटींहून अधिक आढळला आहे. 55 किलोच्या मुलीच्या बाबतीत हे आकडे अनुक्रमे 27, 180 आणि 400 किलोंच्या आसपास जातात. चार मजल्यांच्या 80 पायऱ्या म्हणजे एका वेळी प्रत्येक पायावर 40 वेळा हा दाब. सपाटीवर न दुखणारा गुडघा जिन्यावर का कुरकुरतो, याचे उत्तर एवढेच आहे.

आता हा दाब निरोगी गुडघा वर्षानुवर्षे विनातक्रार घेतो, मग आताच का दुखावे? कूर्चेला स्वतःला संवेदनेच्या नसा नसतात. दुखतो तो तिच्याखालचा हाडाचा थर, सांध्याचे अस्तर आणि वाटीखालची चरबीची गादी. आणि ही सगळी मंडळी चिडतात ती बहुधा भार त्यांच्या सवयीपेक्षा लवकर वाढल्यामुळे. म्हणून कारण शोधायचे ते जिन्यावर नव्हे, तर दुखणे सुरू होण्याआधीच्या चार ते सहा आठवड्यांत.

दुसरा टप्पा: मागच्या सहा आठवड्यांचा हिशोब मांडणे

एक कागद घेऊन त्यावर प्रत्येक आठवड्याचे एकूण किलोमीटर, त्यातील चढ-उताराचे दिवस, वेगाने धावलेले दिवस आणि धावण्याव्यतिरिक्त गुडघ्यावर पडलेले नवे काम लिहावे. मोबाइलमधील धावण्याच्या ॲपमध्ये अंतर सापडते, पण शेवटचा रकाना ॲपला ठाऊक नसतो आणि पुष्कळदा चोर त्याच रकान्यात सापडतो.

त्या मुलीच्या कागदावर एप्रिलचे आठवडे 12 किलोमीटरचे होते. मेच्या पहिल्या आठवड्यात 15, दुसऱ्यात 21 आणि त्यात एकदा येऊर, तिसऱ्यात 27 आणि त्यात दोनदा येऊर. तीन आठवड्यांत अंतर दुपटीच्या वर गेले होते. शेवटच्या रकान्याबद्दल विचारले तेव्हा ती आधी “काही नाही” म्हणाली. मग हळूहळू निघाले की बंद लिफ्टमुळे रोज तीन-चार वेळा चार मजले चढ-उतार होत होती, आणि पाय मजबूत व्हावेत म्हणून मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती रोज सकाळी 60 उठाबशा, तळापर्यंत बसून, काढत होती. गुडघा मजबूत करण्यासाठी सुरू केलेल्या या व्यायामाने वाटीमागचा दाब दिवसातून 60 वेळा सर्वात वरच्या टोकाला जात होता.

येऊरबद्दल एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. चढण दमवते म्हणून दोष तिला दिला जातो, पण गुडघ्याच्या पुढच्या भागाला खरा त्रास देते ती उतरण. उतरताना मांडीचे स्नायू लांबत असतानाच शरीराला ब्रेक लावत असतात, आणि त्यात मुले घड्याळातला वेग सुधारण्यासाठी नेमके उतारावरच सुसाट सुटतात.

तिसरा टप्पा: पहिले दोन आठवडे

धावणे पूर्ण बंद करण्याची गरज बहुतेकांना नसते. पूर्ण विश्रांतीने दुखणे शांत होते, पण त्याबरोबर गुडघ्याची भार घेण्याची सवयही मोडते आणि तीन आठवड्यांनी पुन्हा जुन्याच अंतराने सुरुवात केली की तेच चक्र फिरते. धावताना दुखणे दहापैकी दोनच्या वर जाऊ देऊ नये, धावणे संपल्यावर तासाभरात ते धावण्याआधी होते तितक्यावर परत आले पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या पहिल्या फेरीत ते आदल्या दिवशीपेक्षा वाढलेले नसावे. या तिन्ही अटी पाळल्या गेल्या तर तेवढे धावणे गुडघ्याला झेपते आहे असे समजावे. एक जरी मोडली तर पुढच्या वेळी अंतर कमी करावे. दोनइतकेही न दुखता धावता येत नसेल, तर काही दिवस सपाटीवर भरभर चालावे.

अंतर कमी करताना दिवस कमी न करता प्रत्येक दिवसाचा हप्ता लहान करावा, हे नवख्यांना पटायला जड जाते. एकाच दिवशी 8 किलोमीटर धावण्यापेक्षा चार दिवस 2-2 किलोमीटर धावणे चिडलेल्या गुडघ्याला सोपे असते. त्या मुलीचा पहिला आठवडा असाच ठरवला: चार दिवस 2 किलोमीटर, उपवनच्या सपाट रस्त्यावर, बोलता येईल इतक्या सावकाश वेगाने, दर चार मिनिटांनी एक मिनिट चालत. दुसऱ्या आठवड्यात हप्ता अडीच किलोमीटरचा झाला. येऊर आणि उठाबशा दोन्ही थांबवल्या.

घरातल्या सवयींकडेही या काळात पाहावे लागते. आपल्याकडे जमिनीवर मांडी घालून जेवणे, देशी पद्धतीचे शौचालय, केर काढताना किंवा फरशी पुसताना उकिडवे बसणे आणि वज्रासन हे सगळे गुडघा पूर्ण वाकवणारे प्रकार आहेत. एरवी त्यांत काही वाईट नाही, पण या दोन-तीन आठवड्यांत जेवायला खुर्ची घ्यावी, वज्रासन आणि भरभर घातलेले सूर्यनमस्कार थांबवावेत, आणि अभ्यासाला बसल्यावर दर अर्ध्या तासाने पाय लांब करावेत. स्कूटरवर मागे बसून लांबचा प्रवास केल्यानंतर दुखते का, हेही बघावे.

जिना टाळता येत असेल तिथे टाळावा. ठाणे स्थानकावर सरकते जिने आहेत, ते वापरण्यात तरुणपणाला काही कमीपणा येत नाही. टाळता येत नसेल तिथे पावलाचा पुढचाच भाग न टेकवता पूर्ण तळवा पायरीवर ठेवावा, कमरेतून थोडे पुढे झुकावे म्हणजे कामाचा काही भाग नितंबाच्या स्नायूंकडे जातो, आणि वाकलेला गुडघा अंगठ्याच्या आत न पडता दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहील असे पाहावे. दुखणे चार-पाचच्या वर असेल तेव्हा कठडा धरून एकेक पायरी घ्यावी: चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

दहा-पंधरा मिनिटे बर्फाचा शेक घेतल्याने बरे वाटत असेल तर तो घ्यावा, मात्र बर्फ कापडात गुंडाळून. दुखण्याची गोळी खाऊन धावायला मात्र जाऊ नये, कारण ज्या मापावर हा सगळा कार्यक्रम उभा आहे ते मापच त्या गोळीने बिघडते.

चौथा टप्पा: चार व्यायाम

दुखणे जिन्यावर तीनच्या खाली आले की, किंवा त्याआधीही न दुखवता करता येत असतील तर, हे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस सुरू करावेत. फक्त गुडघ्याभोवतीच्या स्नायूंचे व्यायाम करण्यापेक्षा त्यांना खुब्याच्या व्यायामांची जोड दिल्याने फायदा जास्त होतो. सुरुवातीला गुडघ्याच्या व्यायामांनी दुखत असेल तर खुब्यापासूनच सुरुवात करावी.

पहिला व्यायाम कुशीवर झोपून करायचा. वरचा पाय सरळ ठेवून किंचित मागे न्यावा आणि टाच आधी उचलली जाईल अशा तऱ्हेने वीतभर वर घ्यावा, दोन सेकंद थांबून सावकाश खाली आणावा. दहा-दहाच्या तीन फेऱ्या. पाय पुढे गेला की मांडीचा पुढचा भाग काम करू लागतो आणि व्यायाम फुकट जातो. थकवा नितंबाच्या बाजूला जाणवला पाहिजे. दुसऱ्या व्यायामात पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलायची, पाच सेकंद धरायची, तीन वेळा दहा. हे सोपे झाले की एका पायावर.

तिसरा व्यायाम भिंतीला पाठ टेकवून अर्ध्या बैठकीचा. गुडघे 45 अंशांपर्यंतच वाकवावेत, म्हणजे काटकोनाच्या निम्मे, आणि 20 ते 30 सेकंद थांबावे. असे पाच वेळा. उभ्याने केलेल्या व्यायामांत एवढ्या कोनापर्यंत वाटीमागचा दाब तुलनेने कमी राहतो आणि पुढे तो झपाट्याने चढत जातो. उठाबशांऐवजी ही बैठक का, याचे कारण हेच.

चौथा व्यायाम मी सर्वात महत्त्वाचा मानते, कारण तो जिना उतरण्याचीच तालीम आहे. घरातला जेवणाचा पाट आरशासमोर ठेवून त्यावर दुखऱ्या पायावर उभे राहावे. दुसऱ्या पायाची टाच तीन आकडे मोजत हळूहळू जमिनीला अलगद लावावी आणि पुन्हा वर यावे. आरशात गुडघा आत ढळताना किंवा कंबर एका बाजूला पडताना दिसली तर तेवढी उंची अजून जास्त आहे असे समजावे. दहा-दहाच्या तीन फेऱ्या पाटावर नीट जमल्या की मग जिन्याची सर्वात खालची पायरी घ्यावी. पट्टीने मोजल्यास ती बहुतेक इमारतींत 15 ते 17 सेंटीमीटर भरते, म्हणजे पाटाच्या दुपटीहून जास्त. त्या मुलीचा गुडघा पहिल्या दिवशी पाटावरही आत ढळत होता. तिसऱ्या आठवड्यात ढळणे थांबले आणि पाचव्या आठवड्यात ती पायरीवर गेली. पायरीही सोपी झाल्यावर पाठीवरच्या सॅकमध्ये डाळीची एक-एक किलोची पुडकी टाकून वजन वाढवता येते.

व्यायामांनाही तीच दोनची मर्यादा आणि दुसऱ्या सकाळच्या जिन्याची चाचणी लागू आहे. स्नायू दुखणे आणि वाटीमागे दुखणे यांत गल्लत करू नये: मांडीचा किंवा नितंबाचा मांसल भाग दोन दिवस ठणकला तर चालतो.

पाचवा टप्पा: पावलांची संख्या

दोन आठवड्यांनंतर धावताना पावले मोजावीत. उजवा पाय 30 सेकंदांत किती वेळा जमिनीला लागतो ते मोजून त्याला चारने गुणले की मिनिटाची पावले मिळतात. त्या मुलीची संख्या 38, म्हणजे मिनिटाला 152 निघाली. तिची ढांग लांब होती आणि पाऊल शरीराच्या बरेच पुढे पडत होते. वेग तोच ठेवून पावले पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली की ढांग आपोआप आखूड होते, गुडघा कमी वाकतो आणि वाटीमागचा दाब उतरतो. दहा टक्के पावले वाढवल्यास तो सुमारे 14 टक्क्यांनी कमी झाल्याचे मोजले गेले आहे. तिला आम्ही 164 चे लक्ष्य दिले. मोबाइलवरील मेट्रोनोमच्या ठोक्यावर आधी एक मिनिट, मग पाच मिनिटे, असे करत चार आठवड्यांत ते अंगवळणी पडले.

मिनिटाला 180 पावले सर्वांनीच टाकावीत असे ऐकिवात येते, पण त्या आकड्यात काही जादू नाही. आपल्या मूळ संख्येच्या तुलनेत किती वाढ झाली ते महत्त्वाचे. याच काळात टाचेऐवजी चवड्यावर धावायला शिकणे, नवे पातळ बूट घेणे असले बदल करू नयेत. गुडघ्यावरचा भार उतरतो तो पोटरीवर आणि टाचेच्या कंडरेवर चढतो, आणि मग दुखण्याची फक्त जागा बदलते.

विकत मिळणाऱ्या गोष्टी

औषधांच्या दुकानातील लवचिक नी कॅप या दुखण्यासाठी घ्यावी असे मी सांगत नाही. वाटीवर लावायची टेप आणि बुटात घालायची तयार इनसोल काहींना पहिल्या चार ते सहा आठवड्यांत आराम देतात, तेही व्यायामांच्या जोडीने. त्यानंतर त्या लावत राहण्यात अर्थ नाही. अल्ट्रासाउंडसारख्या मशिनच्या शेकावर पैसे घालवण्याऐवजी ते दोन-तीन बैठकांत व्यायाम नीट तपासून घेण्यावर खर्च करावेत. वाटी कडकड वाजते म्हणून पुष्कळ जण घाबरतात. दुखणे किंवा सूज नसेल तर तो आवाज निरुपद्रवी आहे.

सहावा टप्पा: अंतर, वेग आणि शेवटी उतार

परतीचा क्रम ठरलेला असावा. आधी सपाटीवरचे अंतर, मग वेग, मग चढण आणि अगदी शेवटी उतरण. एका आठवड्यात यांपैकी एकच गोष्ट वाढवावी, म्हणजे दुखले तर कशाने दुखले ते कळते. त्या मुलीचे आठवडे 8, 10, 12 आणि 14 किलोमीटर असे गेले आणि चौथ्या आठवड्याच्या शेवटी जिन्यावरचे दुखणे चढताना एक आणि उतरताना दोन होते.

पाचव्या आठवड्यात मावसबहिणीचे लग्न आले. हळदीला चार तास मांडी घालून बसणे, मग नाच आणि दुसऱ्या दिवशी हॉलचे जिने उंच टाचांच्या चपलांत. सोमवारी तिचा आकडा पाचवर होता आणि सगळे मुसळ केरात गेले असे तिला वाटत होते. अशा वेळी कार्यक्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची गरज नसते. दोन दिवस फक्त चालणे, मग दोन आठवडे मागच्या अंतरावरून, म्हणजे 10 किलोमीटरवरून, पुन्हा सुरुवात. आठव्या दिवशी आकडा दोनवर आला. दहा दिवस मागे जाऊनही तो खाली आला नसता तर मात्र तिची नव्याने तपासणी करावी लागली असती.

एकंदर वेळेचा अंदाज सहा ते बारा आठवड्यांचा धरावा. ज्यांचे दुखणे अनेक महिने जुने आहे त्यांना याहून जास्त लागतो, आणि काही जणांना वर्षांनंतरही मधूनमधून थोडे दुखत राहते. वर सांगितलेले सगळे सहा आठवडे नीट पाळूनही जिन्यावरचा आकडा हललेला नसेल, किंवा मध्येच सूज, अडकणे अथवा रात्रीचे दुखणे सुरू झाले, तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडून तपासून घ्यावे आणि जाताना आठवड्यांचा कागद सोबत न्यावा.

नवव्या आठवड्यात ती मुलगी येऊरला पुन्हा गेली, चढ धावत आणि उतार पूर्ण चालत. दुसऱ्या सकाळी जिन्यावर एक. दहाव्या आठवड्यात तिने उताराच्या खालच्या, कमी तीव्र भागात दोनशे पावले आखूड टाकत धावून पाहिली आणि उरलेला उतार चालली. अकराव्यात चारशे. त्या आठवड्याच्या कागदावर चढताना शून्य, उतरताना एक असे लिहिलेले आहे, आणि शेवटच्या रकान्यात, ‘लिफ्ट चालू झाली’.